जांघेतला जुना व्रण

एक नमुना रुग्ण घेऊ. हा कोणी एक खरा माणूस नाही. वंध्यत्वाच्या ओपीडीत वारंवार दिसणाऱ्या अनेकांचा मिळून तो बनवला आहे. वय ३२, लग्नाला साडेचार वर्षं, मूल नाही. पहिली तीन वर्षं सगळ्या तपासण्या बायकोच्या झाल्या: सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, दुर्बिणीतून तपासणी. सगळं व्यवस्थित निघालं. मग कुणीतरी नवऱ्याची वीर्यतपासणी करायला सांगितली. साध्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होणारी ही तपासणी खरं तर पहिल्या महिन्यातच व्हायला हवी होती. रिपोर्टमध्ये वीर्याचं प्रमाण अडीच मिली, म्हणजे उत्तम. शुक्राणू शून्य. महिन्याभराने पुन्हा तपासलं, नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा थेंब पाहिला. तरी शून्यच.

डॉक्टरांनी टेबलावर झोपवून तपासलं तेव्हा दोन्ही जांघांमध्ये पुसट, आडवे व्रण दिसले. ‘हे कसले?’ तो म्हणाला, ‘लहानपणी हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं.’ किती वर्षांचा असताना? ‘चौथीत होतो.’ आईला फोन लावला तेव्हा खरी गोष्ट कळली. गोट्या खाली उतरल्या नव्हत्या, त्या उतरवण्यासाठी ऑपरेशन केलं होतं. घरात ‘हर्निया’ म्हणायची पद्धत पडली, कारण दुसरा शब्द पाहुण्यांसमोर उच्चारता येत नव्हता. तसं ते अगदीच खोटंही नव्हतं. अशा मुलांमध्ये पोटातून पिशवीकडे येणारी वाट बऱ्याचदा उघडीच राहिलेली असते, आणि त्याच छेदातून ती बंद करतात.

दाढीमिशा, आवाज, इच्छा, संबंध, सगळं ठीक असताना आपल्यात काही कमी असेल असं या माणसाला तेवीस वर्षं वाटलं नाही, यात नवल नाही. वृषण दोन वेगळी कामं करतं. त्याचा बहुतेक भाग बारीक नागमोडी नलिकांचा असतो आणि तिथे शुक्राणू तयार होतात. नलिकांच्या मधल्या जागेत लायडिग पेशी असतात, त्या टेस्टोस्टेरॉन बनवतात. उष्णता, सूज किंवा रक्तपुरवठ्यातला खंड यांचा फटका आधी आणि जास्त बसतो तो नलिकांना. लायडिग पेशी पुष्कळ सोसतात. त्यामुळे ‘पुरुषपण’ शाबूत राहतं आणि बीज संपतं. वीर्य पाहूनही काही कळत नाही, कारण त्यातला बहुतांश द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींमधून येतो. नसबंदी केलेल्या माणसाचं वीर्य आधीसारखंच दिसतं ते याचमुळे.

गोटी खाली न उतरणं म्हणजे काय, ते नीट पाहू. गर्भात वृषण मूत्रपिंडांजवळ तयार होतं आणि गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जांघेच्या बोगद्यातून पिशवीत उतरतं. पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या दर शंभर मुलांत तीन-चार जणांत एक किंवा दोन्ही वृषणं जन्माच्या वेळी खाली नसतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण खूपच जास्त. यातली बहुतेक पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात आणि वर्षाच्या सुमारास शंभरात एखादाच मुलगा राहतो. सहा महिन्यांनंतर मात्र आपोआप उतरण्याची आशा फारशी नसते. ‘मोठा झाला की उतरेल’ हा सल्ला इथे सर्वांत महाग पडतो.

पिशवीतलं तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असतं, आणि शुक्राणूंच्या कारखान्याला तेवढा गारवा लागतो. पण वयात आल्यावर शुक्राणू बनायला लागतील तेव्हाच नुकसान होतं, असं नाही. मुलाच्या जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत शरीरात संप्रेरकांची एक छोटी लाट येते. तिच्या जोरावर वृषणातल्या आदिम बीजपेशींचं रूपांतर अशा पेशींत होतं, ज्यांच्यापासून पुढे आयुष्यभर शुक्राणू बनत राहतात. वर अडकलेल्या वृषणात हे रूपांतर अर्धवट राहतं, मूळ पेशी हळूहळू कमी होत जातात आणि वर्ष-दोन वर्षांतच ती घट सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागते. म्हणून आता शस्त्रक्रिया सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान करावी आणि दीड वर्षापलीकडे नेऊ नये, असं सांगतात. जांघेतून वृषण सोडवून पिशवीत आणतात आणि तिथे टाक्यांनी बसवतात. मूल बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातं. नवव्या वर्षी केलेली शस्त्रक्रिया वाया जात नाही. गाठ झाली तर हाताला लागते आणि पीळ पडण्याचा धोका कमी होतो. गेलेल्या मूळ पेशी मात्र परत येत नाहीत.

एक बाजू आणि दोन बाजू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकाच बाजूचं वृषण वर राहिलेल्या पुरुषांना बाप होण्याची शक्यता इतरांइतकीच, साधारण दहात नऊ. दोन्ही बाजूंचं असेल तर, शस्त्रक्रिया होऊनही, ती दहात सहा-सातवर येते. शस्त्रक्रिया झालीच नसेल, तर वीर्यात शुक्राणू सापडणं दुर्मीळच.

तपासणी घरीही करता येते. बाळाला कोमट पाण्याने अंघोळ घालताना हात गरम असावेत. थंड हाताने स्पर्श केला की एक स्नायू आकसतो आणि चांगलं उतरलेलं वृषणही वर पळतं. गरम पाण्यात किंवा उकिडवं बसल्यावर ते खाली येत असेल आणि खाली टिकत असेल, तर ते ‘मागे सरकणारं’ वृषण. त्याला ऑपरेशन लागत नाही, पण दर वर्षी पाहावं लागतं, कारण काही जणांत ते पुढे वरच राहू लागतं. कधीच हाताला लागत नसेल तर थेट बालशल्यचिकित्सकाकडे जावं. सोनोग्राफीचा आग्रह धरू नये. पोटातलं वृषण ती बऱ्याचदा दाखवू शकत नाही आणि ‘दिसलं नाही’ या रिपोर्टवर महिने निघून जातात.

दुसरं छुपं कारण अगदी वेगळ्या गतीने घडतं. वृषणाला पीळ पडतो तेव्हा हिशेब वर्षांचा नसतो, तासांचा असतो. काही मुलांत वृषण पिशवीच्या आतल्या आवरणाला नीट चिकटलेलं नसतं. देवळातल्या घंटेच्या लोलकासारखं ते मोकळं लोंबतं. बारा ते अठरा या वयात त्याचं वजन वाढतं आणि एखाद्या रात्री झोपेतच ते स्वतःभोवती फिरतं. रक्तवाहिन्या पिळल्या जातात. पहिल्या सहा तासांत पीळ सोडवला तर बहुतेक वृषणं वाचतात, चोवीस तासांनंतर क्वचितच.

गफलत होते ती लक्षणांमुळे. मुलगा पहाटे ओटीपोटात कळ येते म्हणतो, उलटी करतो. ‘नक्की कुठे दुखतंय?’ असं विचारलं तर आईसमोर लाजतो. मग पोटदुखीचं औषध, इंजेक्शन, ‘बाहेरचं खाल्लं असेल’. पोटदुखी आणि उलटीने आलेल्या प्रत्येक मुलाची चड्डी उतरवून तपासणी झालीच पाहिजे. एवढा एक नियम पाळला तरी अनेक वृषणं वाचतील. पीळ पडलेलं वृषण वर ओढलेलं, आडवं आणि कडक असतं. मांडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवल्यावर एरवी ते वर उचललं जातं, तसं होत नाही. संशय पक्का असेल तर डॉपलर सोनोग्राफीसाठीही थांबू नये. शस्त्रक्रियेत दुसऱ्या बाजूचं वृषणही टाक्यांनी बसवतात, कारण मोकळेपणा बहुधा दोन्हीकडे असतो.

काहीच केलं नाही तर एक फसवी गोष्ट घडते: एक-दोन दिवसांत दुखणं ओसरतं. पेशी मेल्यामुळे ते ओसरलेलं असतं, पण घरच्यांना वाटतं, बरं झालं. वृषण आक्रसत जाऊन छोटी गाठ उरते. दुसरं धडधाकट असेल तर मूल होतं. ज्याचं दुसरं मुळात कमजोर असतं किंवा ज्याला नंतर तिकडेही पीळ पडतो, तो वंध्यत्वाच्या दवाखान्यात येतो आणि पंधरा वर्षांपूर्वीची ती पहाट त्याला आठवतही नाही.

तिसरं कारण गालगुंड, पण त्याबद्दलची भीती भलत्याच वयात जास्त आहे. पाच वर्षांच्या मुलाला गालगुंड झाले की आजी धास्तावते, पण वयात येण्याआधी वृषणाला सूज येणं विरळच. धोका वयात आलेल्यांना. त्यांच्यापैकी साधारण पाचातल्या एकाला, गाल सुजल्यावर आठवड्याभरात, ताप आणि वृषणाची वेदनादायक सूज येते, बहुधा एकाच बाजूला. वृषणावरचं पांढरं आवरण ताणत नाही, त्यामुळे सूज आतल्या आत दाबली जाते आणि नलिका चिरडल्या जातात. सुजलेल्या वृषणांपैकी निम्म्यापर्यंत पुढे थोडीफार आक्रसतात, तरी पूर्ण वंध्यत्व क्वचितच येतं आणि तेही मुख्यतः दोन्ही बाजू सुजल्या तर. औषध फक्त विश्रांती, आधार आणि वेदनाशामक. आजारानंतर लगेच वीर्य तपासून घाबरू नये; तापाने काही काळ शुक्राणू कमी होतातच आणि नवे तयार व्हायला अडीच महिने लागतात. लसीबाबत एक तपशील पालकांना माहीत हवा. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची एमआर लस मिळते, तिच्यात गालगुंडाचा भाग नसतो. तो एमएमआरमध्ये असतो, आणि ती लस बालरोगतज्ज्ञांकडे मागून घ्यावी लागते.

आता पुन्हा आपल्या रुग्णाकडे. मण्यांच्या माळेने मापलेली वृषणं ८ आणि ६ मिलीची निघाली. प्रौढाची साधारण १५ ते २५ असतात. रक्तात एफएसएच २४, म्हणजे सामान्य वरच्या मर्यादेच्या साधारण दुप्पट. नलिका थकल्या की मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी जास्त जोराने हाक मारते, त्याचाच हा आकडा. टेस्टोस्टेरॉन ४१०, म्हणजे ठीक. याचा अर्थ वाट अडलेली नाही, उत्पादनच मंदावलं आहे. तरीही सगळं खापर जुन्या व्रणावर फोडण्याआधी गुणसूत्रं आणि वाय गुणसूत्रातल्या तुटी तपासल्या. त्या ठीक निघाल्या.

‘ताकदीसाठी’ म्हणून दिलं जाणारं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन अशा माणसाने कधीही घेऊ नये. ते पिट्युटरीला गप्प करतं आणि उरलंसुरलं शुक्राणूंचं उत्पादनही थांबवतं. त्याच्यापुढे खरा मार्ग मायक्रो-टेसेचा आहे: भूल देऊन वृषण उघडायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या त्यात जाड, भरलेल्या नलिका वेचायच्या. वीर्यात शून्य असलं तरी वृषणात एखाद्या कोपऱ्यात काम चालू असू शकतं. लहानपणी गोट्या उतरवलेल्या पुरुषांत अशा शोधाला निम्म्याहून जास्त वेळा यश येतं, इतर अनेक कारणांपेक्षा जास्त. याच्या उजव्या वृषणात काही नव्हतं. डाव्यात मूठभर शुक्राणू सापडले. एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचण्याच्या इक्सी पद्धतीला तेवढे पुरतात. मात्र शुक्राणू मिळणं म्हणजे बाळ मिळणं नव्हे. त्यापुढे बायकोचं वय आणि तिच्या बीजांचा दर्जा निर्णायक ठरतो, आणि इथे तीन वर्षं आधीच गेलेली असतात.

मूल होवो न होवो, एक काम त्याला आयुष्यभर आहे. खाली न उतरलेल्या वृषणात कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा काही पटींनी जास्त असतो. प्रत्यक्ष आकडा लहानच आहे, पण उशिरा शस्त्रक्रिया झालेल्यांत तो अधिक. महिन्यातून एकदा अंघोळीनंतर दोन्ही वृषणं बोटांत फिरवून पाहायची, आणि न दुखणारी कडक गाठ लागली तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी करायची. न दुखणारी, हे त्याला मुद्दाम सांगावं लागतं, कारण दुखत नाही म्हणून माणसं थांबतात.