अख्खा मसाला, ताजं दळण

2003 मध्ये फ्रान्सला भारतातून गेलेल्या लाल तिखटात सुदान नावाचा रंग सापडला. मेण, पॉलिश, तेलं रंगवायला कारखान्यात वापरतात तो हा रंग. 2005 मध्ये ब्रिटनमध्ये अशाच रंगवलेल्या तिखटामुळे शेकडो तयार पदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले. आपल्याकडे तिखटाची शुद्धता पाहायला चिमूटभर पूड पाण्यात टाकतात आणि लाल रेघा उतरतात का ते बघतात. सुदान मात्र तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणजे ज्या रंगाची सर्वांत जास्त भीती, तोच या चाचणीतून सहीसलामत सुटतो. प्रयोगशाळेशिवाय पूड बोलत नाही. अख्खा मसाला डोळ्यांना, बोटांना आणि नाकाला बरंच काही सांगतो, म्हणून हॉटेलवाल्याने मसाला अख्खाच घ्यावा. अर्थात, काय बघायचं हे त्याला माहीत हवं.

मिरचीपासून सुरुवात करू, कारण पोत्यांनी घ्यायचा माल हाच. कोल्हापुरी वळणाच्या स्वयंपाकाला रंगासाठी ब्याडगी आणि झणक्यासाठी संकेश्वरी अशी जोडी बहुतेक जण घेतात. ब्याडगी सुरकुतलेली, गडद लाल आणि तिखटाला सौम्य. संकेश्वरी लांब, बारीक आणि जहाल. दोन्हींत फसवणूक होते ती पाण्याने. वजन वाढावं आणि मिरची मोडू नये म्हणून पोत्यावर पाणी मारतात. मूठभर मिरच्या कानाजवळ हलवा. वाळलेल्या मिरचीत बिया खुळखुळतात, ओल्या मिरचीत आवाज येत नाही. पोत्याच्या तोंडाशी असलेला माल चांगलाच असतो, म्हणून हात मधोमध घालून मिरच्या काढा आणि चार-पाच चिरून बघा. बियांभोवती करडी-पांढरी बुरशी दिसली तर पोतं परत करा, कारण अशा बुरशीतून विषारी द्रव्यं तयार होऊ शकतात आणि ती भाजल्याने जात नाहीत. पांढरट पडलेली फटकी मिरची स्वस्त मिळते, पण रस्स्याला रंग चढत नाही. मग आचारी तिखट वाढवत जातो आणि पदार्थ नुसताच जाळतो.

पाण्याचा हिशेब करणं सोपं आहे. सौदा पक्का करण्याआधी एक किलो मिरची घरी आणा, दोन दिवस कडक उन्हात घाला आणि पुन्हा तोला. ती 900 ग्रॅम भरली, तर 40 किलोच्या पोत्यात चार किलो पाणी आहे आणि त्याचे पैसे तुम्ही मिरचीच्या भावाने मोजणार आहात. चाळीसएक ग्रॅमची घट चालण्यासारखी आहे. हा आकडा समोर ठेवला की व्यापारी भाव उतरवतो, नाहीतर दुसरा माल काढून दाखवतो.

लवंगेची फसवणूक वेगळी. चांगल्या लवंगेत वजनाच्या साधारण 15 ते 20 टक्के तेल असतं आणि ते काढून घेतलेली लवंग पुन्हा बाजारात येते. दिसते लवंगच, पण सुकडी, हलकी आणि बिनवासाची. लवंगेचा गोंडा नखाने दाबा. तेल सुटून नखाला ओल लागली पाहिजे. पाण्यात टाकली तर चांगली लवंग बुडते किंवा उभी तरंगते आणि तेल काढलेली आडवी पडून राहते.

मिरीत पपईच्या वाळलेल्या बिया मिसळतात. पाण्यात मिरी तळाशी बसते, पपईची बी वर राहते. मात्र पोचट मिरीही तरंगते, म्हणून वर आलेला प्रत्येक दाणा दातांनी फोडून बघावा. त्याहून खात्रीचं माप वजनाचं आहे. मिरीचे घाऊक व्यापारी प्रतवारी लिटरच्या वजनावर करतात. लिटरच्या मापात भरलेली चांगली भरीव मिरी 550 ग्रॅमच्या आसपास भरते. वजन बरंच कमी आलं तर दाणे पोकळ आहेत. फार तुकतुकीत मिरी दिसली तर तळहातावर चोळून वास घ्या. घासलेटासारखा वास आला, तर तिला खनिज तेलाचा हात दिला आहे.

माल पारखून घेतला तरी दळताना घात होऊ शकतो. मसाल्याचा सुगंध म्हणजे त्यातलं उडून जाणारं तेल, आणि जातं वेगाने फिरलं की तापतं. लवंगेत तेल भरपूर असल्यामुळे थोडं उडालं तरी निभावतं. धन्यात मात्र ते जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी असतं. म्हणून धन्याची पूड सगळ्यांत आधी मुकी होते आणि म्हणून धने सगळ्यांत वारंवार दळायला हवेत. मिक्सरचं भांडं अर्धंच भरा, वीस-तीस सेकंद फिरवा, थांबा, हलवा, पुन्हा फिरवा. भांडं हाताला चटका देऊ लागलं तर चाळून घ्या आणि राहिलेली भरड थंड झाल्यावरच पुन्हा घाला.

मिरची डंकावर द्यावी लागते. तिथे आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला उखळात राहिलेला असतो, म्हणून आपलं पहिलं अर्धा किलो तिखट वेगळं काढा आणि भाजीच्या फोडणीत संपवा. जाताना वजन करा, येताना वजन करा आणि आपला माणूस शेवटपर्यंत तिथे उभा ठेवा. गरम तिखट तसंच डब्यात भरलं तर वाफ झाकणाला धरते आणि गुठळ्या होतात. स्वच्छ कापडावर पसरून पूर्ण निवू द्या, मग भरा.

एका मध्यम खानावळीचा हिशेब मांडू. आठवड्याला चार किलो तिखट, दीड किलो धनेपूड आणि अर्धा किलो गरम मसाला लागतो. वर्षाचं तिखट झालं सुमारे 208 किलो. देठ आणि घट धरून 240 किलो, म्हणजे सहा पोती मिरची. ती हंगामात, मार्च-एप्रिलमध्ये घ्यावी, वाळवून देठ काढावेत आणि पावसाळ्याआधी शीतगृहात ठेवावी. एकेक पोतं बाहेर काढलं की गारवा जाईपर्यंत बंदच ठेवायचं, नाहीतर हवेतला ओलावा मिरचीवर बसतो. तिखट दर पंधरवड्याला आठ किलो दळायचं, धने आठवड्यातून दोनदा पाऊण-पाऊण किलो, गरम मसाला आठवड्याला एकदा. गरम मसाला अडीचशे ग्रॅमच्या दोन डब्यांत ठेवला, तर एक उघडा असेपर्यंत दुसरा सीलबंद राहतो. खोबरं, तीळ, खसखस या मसाल्यात आधी घालू नयेत. त्यांचं तेल लवकर खवट होतं आणि सगळा डबा बिघडवतं. ते त्या-त्या दिवशी भाजून वाटणात घालावं.

डबे स्टीलचे, घट्ट झाकणाचे आणि शेगडीपासून लांब असावेत. बहुतेक किचनमध्ये मसाल्याची फळी हाताशी हवी म्हणून शेगडीच्या वरच असते. वास आणि रंग घालवायला तेवढं पुरतं. धन्याच्या दाण्याला टाचणीएवढं भोक आणि डब्याच्या तळाशी बारीक भुगा दिसला तर कीड लागली आहे. तो डबा लगेच बाहेर काढा, शेजारचे तपासा आणि फळी पुसून कोरडी केल्याशिवाय नवा माल ठेवू नका.

एवढं करूनही काही गोष्टी हाताला लागत नाहीत. मिरचीवरची कीटकनाशकं दिसत नाहीत. हळकुंडाला तकाकी आणायला चोळलेलं शिशाचं पिवळं रसायनही नुसत्या डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाही. म्हणून पॉलिश न केलेली, मळकट दिसणारी हळकुंडं मागा. मिरची आणि हळद या दोन मालांच्या प्रत्येक मोठ्या खरेदीला, त्याच लॉटचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल व्यापाऱ्याकडून घ्या आणि बिलाला टाचून ठेवा. अहवाल द्यायला खळखळ करणाऱ्याचा माल कितीही सुंदर दिसला तरी घेऊ नका.