कॉफी गार झाली की आंबट का लागते?

ब्लॅक कॉफीचा मग टेबलावर ठेवला आणि तेवढ्यात फोन आला. वीस-पंचवीस मिनिटांनी पुढचा घोट घेतला, तर मघाशी कडक आणि भाजक्या चवीची लागलेली कॉफी आता चक्क आंबूस लागतेय. बहुतेक जण अशा वेळी म्हणतात, "कॉफी खराब झाली", आणि मग सिंकमध्ये रिकामा करतात.

पण वीस मिनिटांत त्या मगात नवीन आंबटपणा जवळपास तयारच होत नाही. तो पहिल्या घोटापासून तिथेच होता, फक्त आपल्याला जाणवत नव्हता. खात्री करायची असेल तर घरीच करून बघा. १५ ग्रॅम कॉफी पावडर आणि २४० मिली गरम पाणी घेऊन फिल्टर कॉफी करा. दूध-साखर घालू नका. अर्धी कॉफी एका कपात टेबलावर निवू द्या. उरलेली अर्धी स्टीलच्या पेल्यात ओता, पेला थंड पाण्याच्या पातेल्यात ठेवा आणि हलवत राहा. पेल्यातली कॉफी काही मिनिटांतच कोमट होईल. ती लगेच चाखा. टेबलावरचा कप यथावकाश तेवढाच कोमट झाला की तोही चाखा. दोन्हींत आंबटपणा जवळपास सारखाच जाणवेल. वेळ वेगवेगळा गेला, चव मात्र जवळजवळ तीच आली. म्हणजे हा खेळ वेळेचा नसून तापमानाचा आहे.

मग तापमानामुळे नेमकं बदलतं काय?

कॉफीतली आम्लं आधी बघू. सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातलं तेच. मॅलिक आम्ल, जे सफरचंदात असतं. याशिवाय थोडं ॲसेटिक आम्ल, क्विनिक आम्ल आणि क्लोरोजेनिक आम्लांचा एक मोठा गट. ही सगळी पाण्यात विरघळलेली असतात आणि कॉफी ६० अंशांवरून ३० अंशांवर आली म्हणून त्यांचं प्रमाण किंवा जोर फारसा बदलत नाही. कडू पदार्थांचंही तसंच. थोडक्यात, कपातली सामग्री तीच राहते, बदलतं ते आपलं नाक आणि जीभ.

नाकापासून सुरुवात करू, कारण कॉफी खूप गरम असते तेव्हा राज्य नाकाचंच असतं. भाजलेल्या कॉफीत ८०० हून अधिक सुगंधी पदार्थ सापडले आहेत. कॉफी जितकी गरम, तितके ते जास्त उडतात. घोट घेतल्यावर ते घशाच्या मागच्या बाजूने नाकात शिरतात आणि मेंदू हा वास आणि जिभेवरची चव एकत्र करून टाकतो. भाजका, धुरकट वास आला की आपल्याला कॉफी आहे त्यापेक्षा जास्त कडक वाटते. गरम घोट घेताना नाक दाबून धरा आणि मग सोडा, फरक तिथल्या तिथे कळेल. त्यात चटक्याची भर पडते. साधारण ४३ अंशांच्या पुढे जिभेवरच्या उष्णतेच्या चेता जाग्या होतात (मिरचीचा तिखटपणाही याच चेता टिपतात). या गोंगाटात लिंबाच्या थेंबाएवढा नाजूक आंबटपणा कुठून ऐकू येणार?

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१७ साली हे पद्धतशीरपणे मोजलं. एकच अरेबिका कॉफी त्यांनी ३१ ते ६२ अंशांदरम्यानच्या सहा वेगवेगळ्या तापमानांना प्रशिक्षित चाखणाऱ्यांना दिली. ५० अंशांच्या वर कडूपणा आणि भाजकेपणा ठळक होता. त्याखाली आंबट आणि गोडसर छटा पुढे आल्या.

कॉफी आणखी निवते तेव्हा जिभेचा भाग सुरू होतो आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मजेशीर भाग हाच आहे. १९८७ साली बॅरी ग्रीन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने लोकांची जीभ थंड करून त्यांना चार द्रावणं चाखायला दिली: साखर, मीठ, कॅफिन आणि सायट्रिक आम्ल. जीभ गार केल्यावर साखरेचा गोडपणा कमी झाला, कॅफिनचा कडूपणाही कमी झाला. पण मिठाचा खारटपणा आणि सायट्रिक आम्लाचा आंबटपणा जवळपास तसाच राहिला.

असा पक्षपात का? याचं बरंचसं उत्तर पुढे पेशींमध्ये सापडलं. गोड आणि कडू या दोन्ही चवींचा निरोप पुढे पाठवण्यासाठी चवीच्या पेशी टीआरपीएम५ नावाचं एक प्रथिन वापरतात. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली दाखवलं, की हे प्रथिन तापमानाला फार संवेदनशील आहे. १५ ते ३५ अंशांदरम्यान जसजशी ऊब वाढते, तसतसं त्याचं काम जोरात चालतं. आंबट चवीची वाट मात्र वेगळी आहे. आम्लातले प्रोटॉन ओटोप१ नावाच्या दुसऱ्याच एका मार्गाने थेट पेशीत शिरतात. त्यामुळे जीभ गार पडली की कडूचा आवाज बसतो, आंबटाचा नाही.

शिवाय चवी एकमेकींना दाबतात. कडू जोरात असला की आंबट आणि गोड मागे पडतात. तो ओसरला की त्या मोकळ्या होतात. म्हणूनच एक विरोधाभास दिसतो. गार जिभेला साखर कमी गोड लागते, तरी निवलेली चांगली कॉफी जास्त गोडसर वाटू शकते. कॉफीत साखर जवळजवळ नसतेच, कारण बीतली साखर भाजताना जळून जाते. जो गोडवा जाणवतो त्यात कडूपणा हटल्याचा आणि फळांसारख्या उरलेल्या वासाचा वाटा असतो.

आता हा कडूपणा येतो कुठून, तेही बघायला हवं. बहुतेकांचं बोट कॅफिनकडे जातं. पण जर्मन रसायनशास्त्रज्ञ थॉमस हॉफमन यांच्या अंदाजानुसार कॉफीच्या कडूपणात कॅफिनचा वाटा फक्त १५ टक्क्यांच्या आसपास आहे. डीकॅफ कॉफीही कडू लागते, यावरून ते पटतं. मुख्य कडूपणा भाजताना तयार होतो. कच्च्या बीतल्या क्लोरोजेनिक आम्लातून पाण्याचा रेणू निघून गेला की लॅक्टोन नावाचे पदार्थ बनतात. हलक्या आणि मध्यम भाजलेल्या कॉफीचा सुसह्य कडूपणा यांचा. भाजणं तसंच पुढे चालू ठेवलं की त्यांच्यापासून फिनाइलइंडेन बनतात. त्यांचा कडूपणा खरखरीत आणि रेंगाळणारा असतो, काळ्याकुट्ट भाजलेल्या कॉफीत भेटतो तसा.

म्हणजे ज्याला आपण आंबटाच्या विरुद्ध टोकाचा कडू समजतो, तो आम्लापासूनच बनलेला असतो. आणि ही वाट उलटही फिरते.

फ्लास्कमधली कॉफी: इथे मात्र खरोखर बिघाड होतो

लॅक्टोन गरम पाण्यात राहिले की हळूहळू पाण्याचा रेणू परत घेतात आणि पुन्हा आम्ल बनतात. पाणी जितकं गरम, तितका वेग जास्त. त्यामुळे ऑफिसच्या हॉट प्लेटवर किंवा फ्लास्कमध्ये दोन-तीन तास राहिलेल्या कॉफीत आम्ल खरंच वाढलेलं असतं. सोबत नाजूक सुगंध मोडून गेलेले असतात. परिणाम म्हणजे आंबट, बोथट आणि वर उरलेला कडवटपणा.

गंमत अशी, की आपण नेमका उलटा न्याय करतो. टेबलावर गार झालेली कॉफी "खराब" म्हणून फेकतो आणि फ्लास्कमधली वाफाळतेय म्हणून "ताजी" समजून पितो. प्रत्यक्षात गार झालेल्या कपात रासायनिक बदल मंदावतात, गरम फ्लास्कमध्ये ते चालूच राहतात.

फरक ओळखायचा तर दोन्ही कॉफी एकाच तापमानाला आणून चाखायला हव्यात. ताजी कॉफी करा, निम्मी लगेच पातेल्यातल्या पाण्यात गार करा, निम्मी दोन तास फ्लास्कमध्ये ठेवून मग तेवढीच गार करा. आता फ्लास्कवाली जास्त आंबट लागली तर ते रसायन बदलल्यामुळे. एक गरम आणि एक गार अशी तुलना केली, तर काहीच सिद्ध होत नाही. गार कॉफी मायक्रोवेव्हमध्ये तापवून पहिली चव परत येत नाही तेही यामुळेच. कडूपणा जिभेवर परततो, पण उडून गेलेला वास परतत नाही.

गार कप खरं बोलतो

हे कॉफीच्या व्यापाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. चिकमगळूर किंवा कूर्गच्या मळ्यातला माल चांगला की साधारण, हे ठरवताना चाखणारे गरम घोटावर निकाल देत नाहीत. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या अनेक वर्षं वापरात राहिलेल्या जुन्या पद्धतीत १५० मिली पाण्याला ८.२५ ग्रॅम कॉफी घेत, पाणी साधारण ९३ अंशांचं. ७० अंशांच्या आसपास वास आणि एकूण चव तपासत. त्यापुढे कॉफी निवत असताना आंबटपणा आणि घट्टपणा बघत. गोडवा आणि चवीची स्वच्छता यांचे गुण मात्र कॉफी ३८ अंशांच्या खाली आल्यावरच देत. बुरशी लागलेली किंवा जास्त आंबलेली बी गरम कपात वाफेआड लपते, कोमट कपात सापडते. शेतकऱ्याला मिळणारा भाव त्या गार घोटावरही अवलंबून असतो.

हीच युक्ती पाकीट विकत आणल्यावर वापरता येते. कप निवू द्या आणि लक्ष द्या. आंबटपणा संत्र्यासारखा रसरशीत असेल, मागे थोडा गोडवा असेल, तर कॉफी चांगली आणि नीट उतरलेली आहे. नुसता बोचरा, पाणचट आंबटपणा असेल तर बहुधा पावडर जाड दळली गेली किंवा पाणी पुरेसं गरम नव्हतं. आम्लं लवकर उतरतात, बाकीचं मागे राहतं. पुढच्या वेळी थोडी बारीक दळून बघा. जीभ कोरडी पडली, कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा आला, तर अति उतरली, जरा जाड दळा. तुरट ही तोंडातल्या स्पर्शाची जाणीव असल्याने ती गार कपातही सुटत नाही. आणि कॉफी आंबट न होता नुसतीच सपाट, लाकडासारखी लागली, तर ती खूप काळी भाजलेली किंवा रोबस्टा जास्त असलेली असू शकते. भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाच जास्त असते, त्यामुळे हा अनुभव दुर्मीळ नाही.

आपल्या घरच्या जायफळ घातलेल्या दुधाच्या कॉफीला मात्र ही परीक्षा लागू होत नाही. दुधातली प्रथिनं कडू पदार्थांना आणि क्लोरोजेनिक आम्लांना धरून ठेवतात, दूध स्वतः आम्लाचा जोर कमी करतं आणि उरलेलं साखर झाकते. ती गार झाल्यावर आपली तक्रार वेगळीच असते, वर साय धरल्याची.