देणगी नको, जागा विका: जालन्यात कॉलेजच्या स्पर्धेला प्रायोजक कसा मिळवायचा

 

जालन्याहून अंबडकडे किंवा भोकरदनकडे जाताना रस्त्याच्या कडेच्या शेतात बियाण्याच्या कंपनीची पाटी दिसते, आठवतंय? वाणाचं नाव, कंपनीचं नाव आणि मागे उभं पीक. आता सांगा, ती पाटी शेताच्या मधोमध का नसते? बांधावरच का असते? कारण कंपनीला शेत सजवायचं नसतं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं पीक बघावं आणि त्याच नजरेत नाव वाचावं, एवढंच तिला हवं असतं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको इथेच सुरू केली. तेव्हापासून हे शहर बियाण्याचं म्हणून ओळखलं जातं. म्हणजे इथल्या व्यापाऱ्याला ‘दिसणं’ ही गोष्ट कुणी शिकवायला नको. ती आपण विसरतो.

आम्ही विसरलो होतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही कबड्डी स्पर्धा ठरवली आणि हातात पावतीपुस्तक घेऊन मोंढ्यात फिरलो. ‘काका, यथाशक्ती मदत करा.’ काकांनी चहा पाजला, ५०१ रुपयांची पावती फाडली आणि आम्हाला वाटेला लावलं. दिवसभर फिरून मंडपाचे पैसेही निघाले नाहीत. त्यात काकांची चूक काय? आम्ही देणगी मागितली, त्यांनी देणगी दिली. देणगीचा आकडा देणाऱ्याच्या मनावर असतो. जाहिरातीचा आकडा मात्र तिच्या उपयोगावर ठरतो. आजचा एपिसोड या एका फरकावरच आहे.

आधी आपल्याकडे काय आहे ते मोजा

उदाहरण कबड्डीचंच घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमचे तुम्ही टाका. दोन दिवसांची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, १६ संघ, बाद पद्धत. म्हणजे एकूण १५ सामने. एका संघात १२ खेळाडू, म्हणून १९२ पोरं. २०-२० मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ५ मिनिटांची विश्रांती धरली, तर एक सामना ४५ मिनिटांचा. पंधरा सामन्यांचे झाले सव्वाअकरा तास. एवढा वेळ प्रेक्षकांची नजर एकाच मैदानावर असते. तुमच्याकडे विकायला आहे ती ही नजर.

आता प्रेक्षक कोण? ‘खूप गर्दी असते’ हे वाक्य दुकानदारानं शंभर वेळा ऐकलेलं असतं. त्यापेक्षा एक संध्याकाळ काढून मोजा. येणाऱ्यांत बदनापूर, मंठा, परतूरकडून एसटीनं येणारी पोरं किती, शहरात खोली करून राहणारी किती, पोलीस भरतीची तयारी करणारी किती. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन प्रश्न टाकले तरी अंदाज येतो. एका पानावर मावेल एवढंच लिहा, पण खरं लिहा.

मग दार निवडा

जालन्यात स्टीलचे कारखाने मोठे, म्हणून सगळे आधी तिकडे धावतात. पण सळई विकत घेतो ठेकेदार, नाहीतर घर बांधणारा माणूस. एकोणीस वर्षांचा कबड्डीपटू नाही. अशा कारखान्याला तुमच्यात रस असेल तर तो वेगळ्या कारणानं, म्हणजे डिप्लोमाची पोरं नोकरीला हवीत म्हणून. तसं असेल तर तसंच बोला. बियाण्याच्या दुकानाला गावांची नावं महत्त्वाची, पण मे-जूनच्या हंगामात त्याला मान वर करायला वेळ नसतो. तेव्हा गेलात तर ‘नंतर या’ हेच उत्तर येणार. आणखी एक, विक्रेत्याच्या गल्ल्यातून पैसे निघणार नसतील, तर कंपनीच्या प्रतिनिधीकडे प्रचाराची तरतूद आहे का ते त्यालाच विचारा. ती मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून दीड-दोन महिने आधी जा.

आपल्या स्पर्धेसाठी सगळ्यात जवळचं दार कोणतं? पोलीस भरतीची तयारी करून घेणारी अकॅडमी. तिला हवा असलेला विद्यार्थी आणि तुमचा प्रेक्षक एकच आहे. समजा तिची फी ८,००० रुपये आहे. तुम्ही २०,००० मागितले, तर तीन प्रवेशांत तिचे पैसे वसूल होतात. हा हिशेब समोरचा मनात करतोच. तुम्ही तो आधीच करून गेलात तर बोलणं सोपं होतं.

देणार काय, ते मोजून लिहा

‘आपल्या नावाला प्रसिद्धी देऊ’ असं लिहू नका. आमच्या मते मुख्य प्रायोजकाला चार गोष्टी पुरतात.

पहिली, १० बाय ४ फुटांचा फलक. तो स्टेजच्या मागे नको. मैदानाच्या ज्या बाजूला मोबाईलवरून लाइव्ह दाखवणारा कॅमेरा बघतो, त्याच्या समोरच्या बाजूला लावा. म्हणजे मैदानातही दिसतो आणि व्हिडिओतही. दुसरी, गुणफलकावर नाव, कारण गुण बघायला नजर तिथे जातेच. तिसरी, माइकवर प्रत्येक सामन्याच्या सुरुवातीला आणि विश्रांतीत एक ओळ. १५ सामने, दोनदा, म्हणजे बरोबर ३० वेळा. चौथी, प्रवेशद्वाराजवळ एक टेबल आणि शेजारी गोळाफेकीची मोजलेली जागा. भरतीच्या मैदानी चाचणीत गोळाफेक असते. पोरं आपला गोळा किती लांब जातो ते मोफत मोजून घेतील आणि ज्याला हवं तो स्वतः आपला नंबर लिहून देईल.

हे ‘स्वतः’ महत्त्वाचं आहे. प्रायोजक कधीकधी म्हणतो, ‘मला सगळ्या खेळाडूंची नंबरांची यादी द्या.’ ती देऊ नका. पोरांनी नंबर स्पर्धेसाठी दिलेत, फोन घेण्यासाठी नाही.

खर्च ४२,००० धरला तर मांडणी अशी: मुख्य प्रायोजक २०,०००, दोन सहप्रायोजक ८,००० प्रमाणे १६,०००, आणि उरलेल्या ६,००० च्या वस्तू. फ्लेक्सवाला फ्लेक्स छापून देईल, पाणीवाला जार देईल, त्यांचं नाव त्या-त्या जागी लागेल. एका धंद्यातला एकच प्रायोजक घ्या. दोन अकॅडम्यांचे फलक समोरासमोर लागले, तर दोघांनाही फसवल्यासारखं वाटतं.

समोर बसल्यावर

फोन करून वेळ घ्या आणि दोघंच जा. आठ जण गेले की ती वर्गणीच वाटते. बोलणं साधारण असं होतं:

‘सर, १६ कॉलेजांची कबड्डी आहे, दोन दिवस. येणाऱ्यांत भरतीची तयारी करणारी पोरं बरीच आहेत, हा त्यांचा अंदाज. आपलं नाव कुठे-कुठे दिसेल ते या कागदावर आहे.’

‘वीस हजार जास्त होतात रे. दहा देतो.’

इथे बहुतेक जण ‘चालेल सर’ म्हणतात आणि फलक तोच देतात. मग पुढचा प्रायोजकही दहाच देतो. त्यापेक्षा असं म्हणा: ‘सर, दहामध्ये टेबल आणि माइक देतो. कॅमेऱ्यासमोरची जागा आणि गुणफलक दुसऱ्यासाठी ठेवतो.’ पैसे कमी झाले की जागाही कमी झाली पाहिजे. तरच आपल्या जागेला किंमत आहे हे समोरच्याला पटतं. आणि ‘नाही’ म्हणाले तर आभार मानून उठा. तो माणूस पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे.

पैसे आणि परवानगी

प्राचार्यांच्या सहीचं पत्र सोबत हवंच. रक्कम चेकनं किंवा थेट कॉलेजच्या खात्यावर घ्या, कुणा पोराच्या यूपीआयवर नको. यात प्रायोजकाचाही फायदा आहे: एका दिवसात एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर आयकरात तो खर्च सहसा धंद्याचा खर्च म्हणून धरला जात नाही. पावतीवर ‘देणगी’ लिहू नका. ‘कबड्डी स्पर्धेतील जाहिरातीपोटी’ असं लिहा, कारण व्यवहार तोच आहे.

फलक कॉलेजच्या आवारात लावा. चौकात लावायचा असेल तर आधी महानगरपालिकेची परवानगी. नाहीतर तो उतरवला जातो, कारवाई होते ती वेगळीच, आणि त्यावर नाव प्रायोजकाचं असतं. तंबाखूच्या कंपनीचे पैसे कितीही मोठे असले तरी नको. २००३ च्या कायद्यानं तंबाखूच्या जाहिरातीवर आणि प्रायोजकत्वावर बंदी आहे.

शेवटचा सामना झाल्यावर

आमची दुसरी चूक इथली. पुढच्या वर्षी आम्हाला एक बरा प्रायोजक मिळाला. पण त्यांचा फलक स्टेजच्या मागे लावला आणि बक्षीस समारंभाला पाहुण्यांच्या उंच खुर्च्यांनी तो झाकला गेला. ते स्वतः आले, दहा मिनिटं उभे राहिले आणि काही न बोलता गेले. आम्ही बक्षिसं वाटण्यात गुंग होतो. त्यानंतरच्या वर्षी आमच्या ज्युनिअर पोरांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं. पैसे आम्ही खर्च केले आणि किंमत त्या पोरांनी मोजली.

म्हणून एका माणसाला फक्त हेच काम द्या. पहिला सामना सुरू व्हायच्या आधी प्रेक्षकांत बसून त्यानं बघायचं, फलक वाचता येतो का? माइकवाल्याला ३० ओळींचा कागद द्या आणि प्रत्येक ओळ वाचली की खूण करायला लावा. स्पर्धा संपल्यापासून आठ दिवसांत प्रायोजकाकडे दोन पानं घेऊन जा. त्यात गर्दीसकट फलकाचे फोटो, लाइव्ह व्हिडिओ किती जणांनी पाहिला तो आकडा, आणि टेबलावर नोंदवलेली नावं किती. आकडा छोटा असला तरी तोच सांगा. ४० नोंदी झाल्या तर ४०. काही द्यायचं राहिलं असेल, समजा माइकवर ३० ऐवजी २२ वेळाच नाव घेतलं गेलं, तर तेही आपणहून सांगा आणि बदल्यात काय देता येईल ते विचारा.

त्या दोन पानांची एक प्रत कॉलेजच्या जिमखान्याच्या फाईलमध्ये ठेवा. पुढच्या बॅचची पोरं त्या अकॅडमीच्या दारात उभी राहतील, तेव्हा त्यांच्या हातात पावतीपुस्तक नसेल. ती फाईल असेल.