नेमक्या ‘त्या’ दिवशीच ताठरता का येत नाही?

मूल व्हावे म्हणून दिवस मोजून संबंध ठेवणाऱ्या जोडप्यांमध्ये एक तक्रार नेहमी आढळते. एरवी सगळे व्यवस्थित असते, पण सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी “आज आणि उद्या संबंध ठेवा” असे सांगितले, की त्याच रात्री लिंगाला ताठरता येत नाही, किंवा येऊन मध्येच जाते. नवरा गप्प होतो, बायको भिंतीकडे तोंड करून झोपते आणि पुढच्या महिन्याची तारीख दोघांनाही नकोशी वाटू लागते.

याला नपुंसकता म्हणू नये. ताठरता येते ती लिंगातील स्नायू सैल पडून तिथे रक्त भरते आणि अडकून राहते म्हणून. भीती किंवा ताण असला की शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढते. त्याने हेच स्नायू आवळले जातात आणि रक्त भरत नाही. ‘आज जमलेच पाहिजे’ हा विचार शरीराला धोक्यासारखाच वाटतो. त्यातच पुरुषाचे लक्ष पत्नीवरून उडून स्वतःच्या अवयवावर जाते. आली का, टिकेल का, हे तो तपासत राहतो, आणि जितके तपासतो तितकी ताठरता उतरते. एकदा असे झाले की पुढच्या महिन्यात भीती आधीपासूनच हजर असते.

दोष शरीरात आहे की तारखेत?

हे ओळखण्यासाठी घरी तीन गोष्टी पाहा. सकाळी जाग येताना ताठरता असते का? हस्तमैथुनाच्या वेळी येते का? तारीख नसलेल्या दिवशी संबंध नीट होतात का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर रक्तवाहिन्या आणि नसा बहुधा ठीक आहेत. सकाळची ताठरताही हळूहळू कमी होत गेली असेल, किंवा कोणत्याच दिवशी जमत नसेल, तर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासा. इच्छाच कमी झाली असेल तर सकाळी रक्त देऊन टेस्टोस्टेरॉनही पाहावे. तंबाखू, विडी आणि दारू यांचा वाटा असतो, तो डॉक्टरांपासून लपवू नका.

एका रात्रीवर सगळे का ठेवायचे?

आता एक उदाहरण पाहू. हे कोणा एका जोडप्याचे नाही, सटाणा परिसरातल्या अनेक जोडप्यांच्या हकिकतींतून जुळवलेले आहे. तो ३१ वर्षांचा, कांदा-डाळिंबाची शेती. ती २७ वर्षांची. लग्नाला दोन वर्षे झाली. मोबाइलमधल्या अ‍ॅपने चौदावा दिवस दाखवला की तोच दिवस धरायचा, आणि ‘वीर्य साठावे’ म्हणून आधीचे दहा दिवस लांब राहायचे. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची असली तर तो दोन वाजता पंप बंद करून घरी येणार, आणि ती जागी. सासूबाईंचे “काही गोड बातमी?” सुरू झालेले. तीन महिन्यांत दोनदा जमले नाही. मग त्या दिवसांत तो मळ्यातच झोपू लागला. तिला वाटले, याला मूलच नको आहे.

त्यांचा हिशेब असा मांडायला हवा. स्त्रीबीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी बाहेर पडते, पाळी सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवशीच असे नाही. तिची पाळी कधी २८ तर कधी ३१ दिवसांनी येते. म्हणजे बीज १४व्या ते १७व्या दिवसामध्ये कधीही बाहेर पडू शकते. बीज १२ ते २४ तासच टिकते, पण शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून बीज बाहेर पडण्याच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहा दिवस गर्भधारणेचे. तिच्या बाबतीत हा काळ ९व्या दिवसापासून १७व्या दिवसापर्यंत पसरतो.

एवढ्या काळात दर दोन-तीन दिवसांनी संबंध आले तर पुरते. ८, १०, १३, १५ आणि १७ असे समजा. त्यातली एक रात्र हुकली तरी आधीचे शुक्रजंतू असतात आणि दोन दिवसांनी पुन्हा संधी असते. नेमकी हीच गोष्ट पुरुषाच्या डोक्यावरचे ओझे उतरवते. वीर्य साठवण्याचा उपयोग नाही. फार दिवस थांबले की शुक्रजंतूंची हालचाल उलट मंदावते. वीर्य तपासणीआधी दोन ते सात दिवस थांबायला सांगतात, तो नियम फक्त तपासणीपुरता आहे.

दिवसांची नोंद एकानेच ठेवावी, शक्यतो पत्नीने, आणि “आज आहे बरं का” अशी घोषणा करू नये. काही पुरुषांना तारीख कळली नाही तरच बरे वाटते, काहींना लपवलेले आवडत नाही. हे दिवसा, जेवताना ठरवून घ्या, अंथरुणात नको. रात्रपाळीच्या विजेच्या आठवड्यात पहाटेची वेळ धरा, झोप झालेली असते.

त्या रात्री जमलेच नाही तर

तिथेच थांबा. जोर लावून पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्याने भीती पक्की होते. जवळ झोपा, स्पर्श राहू द्या, आत प्रवेश झालाच पाहिजे असे धरू नका. बायकोने “काय झालं?” विचारण्यापेक्षा “राहू दे, परवा बघू” म्हटलेले बरे, आणि परवाची रात्र खरोखर हाताशी असल्याने ते खोटेही वाटत नाही.

दोन-तीन महिने तसेच चालले तर गोळीचा विचार करता येतो. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी, भरपेट जेवणानंतर नको. टाडालाफिलचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहू शकतो, म्हणून घड्याळाकडे पाहणाऱ्यांना ती सोयीची पडते. इच्छा आणि स्पर्श नसेल तर कोणतीच गोळी काम करत नाही. छातीत दुखते म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट किंवा तत्सम नायट्रेट घेणाऱ्याने ही औषधे अजिबात घेऊ नयेत, रक्तदाब जीवघेणा खाली येतो. मेडिकलमधून परस्पर आणू नका. ‘शक्तिवर्धक’ पुड्या तर नकोच, त्यांत न सांगता हेच औषध मिसळलेले सापडते. ताकदीसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणे त्याहून वाईट. त्याने शुक्रजंतू तयार होणेच थांबू शकते आणि परत यायला कित्येक महिने लागतात.

हस्तमैथुनाने वीर्य येते पण संबंधाच्या वेळी जमत नाही, अशांसाठी एक साधा मार्ग आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. लॅबमधल्या निर्जंतुक डबीत वीर्य घ्या, २०-३० मिनिटांत ते पातळ होते. मग सुई नसलेल्या नव्या सिरिंजमध्ये ओढून पत्नीने आडवे पडून योनीत हळूच सोडावे. तासाभरात करावे. तेल, थुंकी, साबण लावू नये. सिरिंज गर्भाशयाच्या तोंडात घालण्याचा प्रयत्न कधीही करू नका. न धुतलेले वीर्य गर्भाशयात गेले तर तीव्र कळा आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो. गर्भाशयात सोडायचे ते काम आययूआयमध्ये, वीर्य धुऊन, डॉक्टरच करतात. एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून मगच हे घरी करा.

नियमित संबंधांचे एक वर्ष झाले, किंवा पत्नी ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने झाले, की दोघांची तपासणी एकदमच सुरू करा. संबंधच फारसे होत नसतील तर वर्षभर थांबू नका. डॉक्टरांना “मूल होत नाही” एवढेच सांगून येऊ नका. महिन्यात खरोखर किती वेळा आणि कोणत्या दिवशी संबंध आला ते सांगा, नाहीतर ज्याचा दोष नाही त्याच्याच तपासण्या होत राहतील.