रात्री पावणेबाराचा मेसेज

रागाने लिहिलेला मेसेज पाठवायचा की नाही, हे तो किती रागाने लिहिला आहे त्यावरून ठरवता येत नाही. आरडाओरडा करणाऱ्या मेसेजमध्ये खरी आणि वेळेवर सांगायला हवी अशी तक्रार असू शकते, तर अगदी सभ्य शब्दांतला मेसेज फक्त जखम करण्यासाठी लिहिलेला असू शकतो. निवड करायला उपयोगी पडतो तो एक साधा प्रश्न: हे वाचून झाल्यावर समोरच्याने नेमकं काय करावं? पैसे पाठवावेत, फोन करावा, तारीख कळवावी, असं काही उत्तर आलं तर मेसेजला काम आहे आणि तो नव्याने लिहिण्यासारखा आहे. ‘त्याला एकदा कळलं पाहिजे’ किंवा ‘जरा लागलं पाहिजे’ एवढंच उत्तर आलं तर तो पाठवण्यासारखा नाही. उत्तर देण्याइतकी माहितीच हातात नसेल, किंवा विषय फोनच्या पडद्यावर मावणारा नसेल, तर तो थांबवून ठेवायचा.

अडचण एवढीच, की प्रत्यक्षात या तिन्ही प्रकारची वाक्यं एकाच मेसेजमध्ये येतात, म्हणून प्रश्न अख्ख्या मेसेजला न विचारता एकेका वाक्याला विचारावा लागतो.

उदाहरणादाखल नेहमीचं घर घेऊ. आई पुण्यात धाकट्या मुलीकडे आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिच्यासाठी ब्युरोतून बाई लावली आहे. थोरला मुलगा न्यू जर्सीत असतो आणि खर्चाचा मोठा वाटा पाठवतो. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे दोघे, वहिनी, मावशी आणि दोन मोठी झालेली भाचरं आहेत. जून महिन्याच्या शेवटी ब्युरोच्या बिलाचा फोटो ग्रुपवर पडतो. भावाचा प्रश्न येतो: ‘३६ हजार कसे? मागच्या महिन्यात २४ होते ना?’ पुण्यात तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजलेले असतात, त्याच्याकडे दुपारचे सव्वादोन. बहीण लिहायला घेते:

‘दादा, तिथे बसून हिशोब विचारणं सोपं असतं. रात्री तीनला आईचं पॅड बदलायला कोण उठतं, ते तू कधीच विचारलं नाहीस. बाबांच्या वेळीही तू हेच केलंस. पैसे जड होत असतील तर तसं स्पष्ट सांग, आमचं आम्ही बघून घेऊ. असो.’

पहिल्या वाक्याकडून काही काम होत नाही. ते वाचून भावाने काय करावं? पुण्याला येऊन राहावं, अशी त्यात मागणी नाही. हिशोब विचारूच नये, असंही बहिणीला खरं तर म्हणायचं नाही. तो कसा माणूस आहे, याचा तो निकाल आहे आणि निकालाला माणूस एकच उत्तर देतो, अपील. हे वाक्य नुसतं सौम्य करून चालत नाही. ‘तुला तिथून अंदाज येणं अवघड आहे’ असं गोड केलं तरी निकाल तोच राहतो. ते गाळायचं.

दुसऱ्या वाक्यात मात्र महत्त्वाची बातमी दडली आहे. बहिणीची झोप होत नाही आणि हे तिने भावाला सरळ कधी सांगितलेलं नाही. वाक्य ‘कोण उठतं’ असं विचारतं, पण त्याचं उत्तर वाक्यातच आहे. रागात लिहिलेल्या प्रश्नचिन्हांची अशी परीक्षा घेता येते: उत्तर लिहिणाऱ्याला आधीच माहीत असेल, तर तो प्रश्न नसून विधान आहे आणि ते विधान म्हणूनच लिहावं. ‘रात्री मीच उठत होते, आता मला झेपत नाही.’

बाबांचं वाक्य बहुधा सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खरं असतं. बिलाच्या फोटोखाली त्याला जागा नाही. इथे ते आलं की बिल बाजूला पडतं आणि ग्रुपवरचं प्रत्येक जण जुन्या आजारपणातली आपापली आठवण काढू लागतं. हे वाक्य खोडून टाकायचं नसतं, पुढे ढकलायचं असतं, तेही मेसेज म्हणून नव्हे. भाऊ दिवाळीत येईल तेव्हा दोघांनीच बसून बोलायचा तो विषय आहे.

चौथ्या वाक्यासाठी माहिती अपुरी आहे. ते पैसे जड झाल्याचं गृहीत धरतं, पण भावाने विचारलंय ते वाढीव १२ हजारांचं कारण. मागच्या महिन्यात फक्त दिवसाची बाई होती, ८०० रुपये रोजाने ३० दिवसांचे २४ हजार. या महिन्यात १६ तारखेपासून रात्रीचीही बाई लावली, त्याच दराने १५ रात्रींचे १२ हजार. बहिणीने हे मावशीला फोनवर सविस्तर सांगितलं होतं आणि सगळ्यांना सांगितल्याचं तिच्या डोक्यात राहून गेलं. भावाला हे माहीतच नव्हतं. संतापाच्या पुष्कळ मेसेजांच्या मुळाशी असा एक न दिलेला निरोप निघतो, म्हणून पाठवण्याआधी समोरच्याचं मूळ वाक्य एकदा जसंच्या तसं वाचून त्याने काय विचारलं आहे ते पाहणं फायद्याचं ठरतं.

आणि शेवटचं ‘असो’. मराठीत या दोन अक्षरांनी दार जितकं जोरात आपटता येतं तितकं चार शिव्यांनीही आपटत नाही. ‘तुमची मर्जी’, ‘मला काही बोलायचंच नाही’ ही त्याचीच भावंडं. बोलणं संपलं असं म्हणायचं आणि समोरच्याने मनवायला यावं अशी अपेक्षा ठेवायची, हा त्यांचा उपयोग. तशीच ‘च’ आणि ‘ही’ ही चिकटणारी अक्षरं. ‘तू विचारलं नाहीस’ ही एका वेळेची तक्रार आहे, ‘तू कधीच विचारलं नाहीस’ हा जन्मभराचा आरोप. समोरचा माणूस मग अपवाद शोधायला लागतो, त्याला एखादा सापडतोही, आणि मूळ मुद्दा तिथेच बुडतो. नव्याने लिहिताना मसुद्यातले ‘च’, ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ आधी काढले तरी बरीचशी धार जाते आणि मजकुरातलं काही हरवत नाही.

या सगळ्यातून उरणारा मेसेज असा होतो:

‘दादा, मागच्या महिन्यात फक्त दिवसाची बाई होती, ८०० रुपये रोज. १६ तारखेपासून रात्रीचीही लावली आहे, त्या १५ रात्रींचे १२ हजार वाढले. तुला आधी सांगायचं राहून गेलं.’

हा ग्रुपवर, कारण प्रश्न तिथे आला होता. पुढचा मात्र फक्त भावाला: ‘१५ तारखेपर्यंत रात्री मीच उठत होते, आता मला झेपत नाही. रात्रीची बाई अजून दोन महिने तरी लागेल. रविवारी सकाळी फोन करशील का? खर्चाचं आणि माझ्या झोपेचं, दोन्ही बोलू.’ ग्रुपवर भावाला उद्देशून लिहिलेलं वाक्य वहिनी आणि भाचरंही वाचतात. त्याचं उत्तर मग बहिणीसाठी लिहिलेलं नसतं, त्या बघणाऱ्यांसाठी असतं.

हे काम पावणेबाराला होणं कठीण, म्हणून मधे वेळ जाऊ द्यावा लागतो. राग आला की छातीची धडधड वाढते, आणि ती पूर्ण उतरायच्या आधीच माणसाला आपण शांत झालोय असं वाटू लागतं. या मधल्या अवस्थेत समोरच्याचं साधं ‘ओके’सुद्धा तिरकं दिसतं. झोप काढून सकाळी वाचणं हा जुनाच उपाय आहे, पण थांबण्याचा वेळ मसुदा घोळवण्यात घालवला तर तो उलटतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक काहीच न करणाऱ्यांपेक्षा अधिक चिडलेले आढळले. दादाचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून पाच वेळा मसुदा धारदार करणं हे त्या ठोशांपेक्षा फार वेगळं नाही. त्यामुळे मसुदा एकदाच लिहून मिटावा. आणि तो चॅटच्या खिडकीत लिहू नये: तिथे ग्रुपला ‘typing…’ दिसत राहतं आणि अंगठा चुकायला वेळ लागत नाही. फोनमधली नोट्सची वही किंवा स्वतःलाच मेसेज करण्याची सोय बरी.

सकाळचं वाचनही सावधपणे करावं लागतं, कारण लिहिणाऱ्याला स्वतःचा मजकूर स्वतःच्या आवाजात ऐकू येतो. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांच्या गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ईमेलमधली वाक्यं उपरोधाची की गंभीर हे वाचणारा सुमारे ७८ टक्के वेळा बरोबर ओळखेल असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ओळखलं गेलं ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून मिळालं असतं त्याहून थोडंसंच जास्त. यावर उपाय म्हणून मसुदा मोठ्याने वाचावा, आणि तोही समोरच्याच्या आवाजात, त्याने आपल्याला लिहिला असावा तसा.

थांबण्याचेही तोटे आहेत. ब्युरोला उद्या सकाळी उत्तर द्यायचं असेल तर भावाला आजच विचारायला हवं, राग असो वा नसो. पैशाच्या आणि जबाबदारीच्या बाबतीत दोन दिवसांचं मौन होकार म्हणून धरलं जातं. अशा वेळी ‘बिलाचं उद्या लिहिते, आत्ता दमले आहे’ एवढी एक ओळ लगेच पाठवून बाकीचं थांबवता येतं. शिवाय झोप झालेला माणूस कधी कधी जास्त क्रूर लिहितो. रात्रीचं ‘तिथे बसून’ सकाळी तारीखवार आरोपपत्र होऊन येतं. भाषा सुधारली पण ‘त्याने काय करावं’ याचं उत्तर अजूनही ‘त्याला कळलं पाहिजे’ हेच असेल, तर मसुदा सुधारलेला नाही. न पाठवलेला तोच मजकूर महिन्याभरात तिसऱ्यांदा लिहिला जात असेल, तर तो गाळण्यातला उरत नाही. तो फोन उचलून बोलण्याचा विषय झालेला असतो.

मेसेज गेलाच तर यंत्राची मदत थोडीच मिळते. व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंत मजकूर बदलता येतो, पण त्याखाली तो बदलल्याची खूण राहते. सर्वांसाठी पुसण्याची मुदत सुमारे अडीच दिवसांची आहे; पुसलेल्या मेसेजच्या जागी मात्र तो पुसल्याची ओळ दिसते आणि तोवर नोटिफिकेशनमध्ये कोणी वाचला असेल, स्क्रीनशॉट काढला असेल, तर तो त्यांच्याकडे राहतोच. नवराबायकोच्या भांडणात ही गोष्ट जास्त जड जाते. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १४ नुसार हे न्यायालय वाद सोडवायला उपयोगी वाटेल तो पुरावा पुराव्याच्या कायद्याच्या काटेकोर नियमांत बसत नसला तरी विचारात घेऊ शकतं. पावणेबाराचा मेसेज तिथे छापील कागदावर, तारीखवेळेसकट येतो.

घरच्या ग्रुपवर पुसलेली ओळ तशीच ठेवून गप्प बसण्यापेक्षा पुढचा मेसेज बरा पडतो. ‘रात्री रागात लिहिलं, पहिलं वाक्य मागे घेते. रात्रीच्या बाईचं मात्र खरं आहे, त्यावर बोलायचंय.’ काय मागे घेतलं आणि काय उभं आहे, हे त्यात वेगळं दिसतं, आणि भावाला ज्याचं उत्तर देता येईल असं काहीतरी हातात मिळतं.