आम्ही विकत नाही म्हटले तर?

मागे एका परिचित गृहस्थांनी मला कंपनीकडून आलेले पत्र दाखवले. विलीनीकरण मंजूर झाले असून शेअरच्या बदल्यात ठरलेली रक्कम मिळेल, असा त्याचा मजकूर होता. ‘मी विकणारच नाही म्हटले तर?’ असा त्यांचा सरळ प्रश्न होता. उत्तर तितके सरळ नाही. विलीनीकरण पुरेशा मतांनी मंजूर झाले, की विरोधकांचेही शेअर जातात. बहुमताला वाट मोकळी राहावी म्हणून कायदा हे मान्य करतो. मात्र ‘शेअर घ्या, पण रास्त किंमत द्या’ असे म्हणण्याची सोय काही देशांत आहे. ती कशी चालते, हे अमेरिकेतील डेल कंपनीच्या प्रकरणात चांगले दिसते.

संगणक बनवणारी ही कंपनी २०१३ साली तिचे संस्थापक मायकेल डेल आणि सिल्व्हर लेक ही गुंतवणूक संस्था यांनी मिळून विकत घेतली. दर शेअरला १३.७५ डॉलर. कंपनीचा कारभार हाकणाराच इथे खरेदीदार होता. साहजिकच किंमत कमी आहे, अशी ओरड झाली.

कंपनीची नोंदणी डेलावेअर राज्यातली. तिथला कायदा विरोधकाला मूल्यनिश्चितीचा हक्क देतो, पण पथ्ये कडक आहेत. मतदानापूर्वी लेखी मागणी करायची. विलीनीकरणाच्या बाजूने मत द्यायचे नाही. व्यवहार पूर्ण होईपर्यंत शेअर विकायचे नाहीत. त्यानंतर १२० दिवसांत न्यायालयात अर्ज व्हायला हवा. एक पथ्य चुकले की हक्क गेला.

आता रास्त किंमत म्हणजे काय? समजा, एका शेअरमागे कंपनी दरवर्षी १० रुपये कायम मिळवणार आहे. या पैशावर आपण १० टक्के परताव्याची अपेक्षा धरली, तर शेअरचे मोल १०० रुपये. अपेक्षा ८ टक्क्यांवर आणली, की तेच मोल १२५ होते. कमाई तीच, कंपनी तीच. केवळ दोन टक्क्यांनी पाव पट फरक पडला. त्यात पुढील कमाईचा अंदाजही प्रत्येकाचा वेगळा. म्हणून डेलच्या खटल्यात भागधारकांच्या तज्ज्ञाने २८.६१ डॉलर सांगितले, तर कंपनीच्या तज्ज्ञाने १२.६८. मे २०१६ मध्ये न्यायाधीश लास्टर यांनी १७.६२ डॉलर ठरवले. त्यांचे म्हणणे असे, की खरेदीदाराने स्वतःला किती नफा सुटेल यावरून बोली लावली. कंपनीचे खरे मोल काय, हा हिशेब तिथे नव्हताच.

खटल्यातला चटका लावणारा भाग मात्र वेगळाच आहे. टी. रो प्राइस या मोठ्या म्युच्युअल फंड संस्थेने व्यवहाराला उघड विरोध केला होता. पण भागधारकांची सभा पुढे ढकलली गेली आणि नव्या तारखेसाठी तिच्या मतदान यंत्रणेत नेहमीचा ठराविक आदेश परत लागू झाला: व्यवस्थापन मागेल त्या विलीनीकरणाला होकार. विरोधकाचेच मत बाजूने पडले! सुमारे तीन कोटी शेअरांवरचा हक्क न्यायालयाने नाकारला आणि संस्थेने आपल्या गुंतवणूकदारांना १९.४ कोटी डॉलर पदरचे दिले.

पुढे डिसेंबर २०१७ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने १७.६२चा निर्णय फिरवला. इतर ग्राहक शोधले गेले होते, बाजारही जागरूक होता. अशा वेळी व्यवहाराच्या किमतीला शून्य महत्त्व देणे चूक, असे ते म्हणाले. म्हणजे विरोध करून जास्त मिळेलच असे नाही. कमीही मिळू शकते, आणि वर्षे जातात ती वेगळीच.

आपल्याकडे काय? भारतात असा सरसकट हक्क नाही. २०१३च्या कंपनी कायद्यात विलीनीकरणाच्या योजनेवर हरकत घेण्यासाठी किमान १० टक्के शेअर हाती लागतात. एखाद्याने सर्व शेअरसाठी देकार दिला आणि इतरांच्या शेअरांपैकी नऊ-दशांश मूल्याच्या धारकांनी तो स्वीकारला, तर उरलेल्यांना नोटीस येते. नोटिशीपासून एका महिन्यात कंपनी न्यायाधिकरणाकडे जाता येते. पण किंमत अन्याय्य आहे हे दाखवण्याची जबाबदारी तक्रारदारावर पडते. तरी हिशेबाने लढले तर फरक पडतो. कॅडबरी इंडियाने भांडवल कमी करून लहान भागधारकांचे शेअर काढून घेताना १,३४० रुपये देऊ केले होते. मुंबई उच्च न्यायालयात विरोध झाला, नवे मूल्यांकन झाले आणि २०१४ मध्ये २,०१४.५० रुपये मान्य झाले.

त्या गृहस्थांना मी म्हटले, पत्र फाडू नका, लिफाफाही जपून ठेवा. त्यावरची तारीख मोलाची आहे. मूल्यांकनाचा अहवाल मागवा आणि त्यात दोनच आकडे आधी शोधा: पुढील कमाईचा अंदाज आणि अपेक्षित परताव्याचा दर. शेअर राहणार की जाणार, हे आपल्या हातात नसेलही. भांडण किमतीचे आहे, आणि ती या दोन आकड्यांतून येते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)