पान ६१, परिच्छेद दुसरा

पीएच.डी.चा प्रबंध सादर झाला की काम संपलं, असं घरच्यांना वाटतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे तो मार्गदर्शकाखेरीज निदान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात. त्यांचे अहवाल येतात आणि बहुतेक अहवालांत दुरुस्त्या असतात. त्या करून प्रबंध परत द्यायचा आणि सोबत परीक्षकांना एक पत्र जोडायचं: तुमची कोणती सूचना, त्यावर मी काय केलं, आणि ते सुधारित प्रबंधात कुठे सापडेल. हे पत्र लिहायला कुणी शिकवत नाही, म्हणून एका पत्राची हकीकत सांगतो.

एका विद्यार्थिनीचा प्रबंध कांदा साठवणुकीवर होता. चार गावांतल्या १२० शेतकऱ्यांच्या मुलाखती तिने घेतल्या होत्या. परीक्षकांच्या अहवालातली सहावी सूचना अशी होती: नमुना कसा निवडला ते स्पष्ट करावे, ज्यांनी मुलाखत दिली नाही त्यांची नोंद द्यावी आणि त्याचा निष्कर्षांवर काय परिणाम होतो याची चर्चा करावी. तिने पत्रात उत्तर लिहिलं होतं, ‘सूचनेप्रमाणे बदल केला आहे.’

परीक्षकाने आता काय करायचं? दोनशे पानं पुन्हा चाळायची? असं उत्तर वाचलं की काम झालंच नसावं, अशी शंका येते. शिवाय त्या एका वाक्यात तीन मागण्या होत्या आणि तिने पहिलीच पुरी केली होती. एका सूचनेत दोन-तीन मागण्या गुंफलेल्या असणं नेहमीचंच आहे आणि त्यातली मधली हमखास सुटते. म्हणून सूचना परीक्षकांच्याच शब्दांत, जशीच्या तशी उतरवायची आणि मग तिचे ६अ, ६ब, ६क असे तुकडे पाडायचे.

दुसऱ्या मागणीसाठी तिने जुन्या वह्या काढल्या. ती एकूण १३८ शेतकऱ्यांकडे गेली होती. अठरा जणांनी नकार दिला होता आणि त्यातले बहुतेक दोन एकरांच्या आतले होते. कांदा काढला की लगेच विकायचा, चाळ बांधायची ऐपत नाही, मग मुलाखत कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. हे सगळं तिने पत्रात छान लिहिलं. प्रबंधात मात्र ओळही घातली नाही.

ही चूक मला सगळ्यांत मोठी वाटते. परीक्षकांना पटवून देण्याच्या भरात विद्यार्थी उत्तम खुलासा पत्रात लिहितो आणि प्रबंध आधी होता तसाच राहतो. पत्र परीक्षकांपुरतं असतं. उद्या प्रबंध वाचणाऱ्याच्या हाती ते येणार नाही. म्हणून खुलासा प्रबंधात आणि पत्रात फक्त त्याचा पत्ता, असंच हवं.

तिने मग नव्याने लिहिलं. ६ब समोर आलं: ‘१३८ पैकी १८ जणांनी मुलाखत नाकारली, कारणांसह नोंद विभाग ३.४, पृ. ६१, परिच्छेद २ (मूळ प्रबंधात पृ. ५८).’ ६क ला वेळ लागला. लहान शेतकरीच निसटले असतील, तर ‘चाळीमुळे शेतकऱ्यांचे उत्पन्न वाढते’ हा निष्कर्ष सरसकट टिकत नाही. ते वाक्य समारोपात बदललं. पण तेच वाक्य सारांशात होतं, प्रस्तावनेतही होतं. तिन्ही ठिकाणी दुरुस्ती झाली आणि पत्रात तिन्ही पानं नोंदवली गेली.

अकरावी सूचना तिला मान्य नव्हती. परीक्षकांना आणखी एका हंगामाची पाहणी हवी होती. तिथे तिने मोघम ‘दखल घेतली’ असं लिहिलं नाही. प्रबंधाचा प्रश्न एकाच हंगामातल्या साठवणुकीचा आहे, म्हणून नवी पाहणी केलेली नाही, ही मर्यादा विभाग ६.३ मध्ये नोंदवली आहे, असं सरळ लिहिलं. कारण दिलेला नकार परीक्षक वाचतात, विचारात घेतात. लपवलेला नकार सापडला, की ते बाकीच्या दुरुस्त्याही संशयाने तपासू लागतात.

पृष्ठक्रमांक अगदी शेवटी भरायचे. एक परिच्छेद वाढला तरी पुढची पानं सरकतात. अंतिम पीडीएफ झाल्यावर तिने पत्र मैत्रिणीच्या हाती दिलं आणि प्रत्येक नोंदीचं पान उघडायला सांगितलं. चार नोंदी चुकीच्या पानावर निघाल्या.

परीक्षकांनी दुरुस्त्या मान्य केल्या. ते पत्र आता विद्यापीठातल्या एका फायलीत आहे. प्रबंध नियमाप्रमाणे इन्फ्लिबनेटकडे गेला आणि मुलाखत नाकारणारे ते अठरा शेतकरी त्यात पान ६१ वर आहेत.